गुलाबी, पिवळं आणि पांढरं सोनं: रंग कुठून आला आणि निकेलचा वाद काय होता

२४ कॅरेट सोनं मऊ असतं आणि १८ कॅरेट म्हणजे १०० ग्रॅममध्ये ७५ ग्रॅम सोनं हे सगळ्यांना माहीतच आहे, ते परत सांगत नाही. प्रश्न आहे तो उरलेल्या २५ ग्रॅमचा. रंग तिथेच ठरतो, दागिना किती कडक होणार तेही तिथेच ठरतं, आणि गंमत म्हणजे हॉलमार्क त्याबद्दल काहीच बोलत नाही. हॉलमार्क सोनं किती ते सांगतो, बाकीचं काय ते नाही.

तांबं घातलं की सोनं लालीकडे जातं आणि चांदी घातली की फिकट, जरा हिरवट होतं, हे सोनारांना फार पूर्वीपासून माहीत होतं. जुन्या नाण्यांत हा फरक अगदी स्पष्ट दिसतो. आपल्याकडे पुतळ्यांच्या माळेत ज्या व्हेनिसच्या मोहरा यायच्या त्या जवळजवळ शुद्ध सोन्याच्या, म्हणून पिवळ्याधमक आणि मऊ, कडा पटकन झिजणाऱ्या. त्याउलट इंग्रजांची गिनी म्हणजे सॉव्हरिन, २२ कॅरेट आणि बाकी तांबं, म्हणून ती तांबूस दिसते आणि कितीतरी हात फिरून आली तरी नक्षी टिकून असते. १८५५ ला सिडनीत सॉव्हरिन पाडायला लागले तेव्हा सुरुवातीला त्यात तांब्याऐवजी चांदी होती, ती नाणी फिकट पिवळी दिसायची आणि लवकर झिजायची, मग तिथेही तांब्यावरच आले. कॅरेट तेच, सोनं तेवढंच, फक्त मिसळलेला धातू वेगळा.

याचं कारण अणूंच्या आकारात आहे. चांदीचा अणू सोन्याच्या अणूएवढाच असतो, त्यामुळे तो सोन्याच्या रांगेत आरामात बसतो आणि रांग फारशी वाकडी होत नाही. तांब्याचा अणू बराच लहान. तो बसला की आजूबाजूची रांग ओढली जाते, आणि एकदा रांग अशी वेडीवाकडी झाली की धातूला वाकायला, दबायला जास्त जोर लागतो, त्यालाच आपण कडकपणा म्हणतो. कडकपणा मोजायच्या विकर्स मोजमापात शुद्ध सोनं तापवून मऊ केल्यावर साधारण २५ ते ३० भरतं. १८ कॅरेट पिवळं, ज्यात चांदी आणि तांबं निम्मं निम्मं म्हणजे साडेबारा-साडेबारा टक्के, ते १५० च्या आसपास जातं. रोझ गोल्डमध्ये तांबं २० टक्क्यांच्या वर आणि चांदी चार-पाच टक्के असते, ते १६५ च्या आसपास. म्हणजे मऊ अवस्थेत पिवळं आणि गुलाबी यांत फार अंतर नाही. फरक पडतो तो तापवल्यानंतर तुम्ही ते थंड कसं करता त्यावर, आणि नवीन माणूस बऱ्याचदा फसतो तो इथेच.

समजा १० ग्रॅम शुद्ध सोनं घेतलं. त्याचं १८ कॅरेट रोझ गोल्ड करायचं तर एकूण वजन १३.३३ ग्रॅम व्हायला हवं, म्हणजे ३.३३ ग्रॅम भर, त्यात साधारण २.७३ ग्रॅम तांबं आणि ०.६० ग्रॅम चांदी. वजनात तांबं पाचवा हिस्सा दिसतं, पण तांब्याचा अणू सोन्याच्या अणूच्या जेमतेम एक तृतीयांश वजनाचा असतो, म्हणून अणू मोजायला गेलात तर सोनं ५१ टक्के आणि तांबं ४३ टक्के निघतं. जवळजवळ निम्मं निम्मं. आणि सोनं-तांबं असं निम्म्याला आलं की साधारण ४०० अंशांच्या खाली त्यांचे अणू एक थर सोन्याचा, एक थर तांब्याचा असे शिस्तीत बसायला लागतात. तसं बसताना धातूचा आतला साचाच एका बाजूने दबतो, आत ताण साठतो, कडकपणा ३०० च्या आसपाससुद्धा जाऊ शकतो आणि तुकडा ठिसूळ होतो. त्यामुळे रोझ गोल्डची लगड किंवा पत्रा तापवून लाल झाला की लाली जाते न जाते तोच पाण्यात टाकायचा, म्हणजे अणूंना रांग लावायला वेळच मिळत नाही. हवेवर निवांत थंड होऊ दिला तर पुढे वाकवताना काडकन तडा जातो आणि लोक म्हणतात तांबं वाईट होतं. बहुतेक वेळा तांबं चांगलंच असतं, थंड करण्यात घोळ असतो. हे ओळखता येतं, कारण नीट मऊ केलेला पत्रा हाताने सहज वाकतो आणि वाकलेलाच राहतो, बिघडलेला स्प्रिंगसारखा परत येतो. तो वेळीच परत तापवून पाण्यात टाकला तर सुधारतो, तडा गेल्यावर मात्र वितळवण्याशिवाय इलाज नाही. पिवळ्यात चांदी जास्त असल्यामुळे हा त्रास बराच कमी.

गुलाबी सोन्याची फॅशन एकोणिसाव्या शतकात रशियात जोरात होती, काही काळ त्याला रशियन सोनंच म्हणायचे. मग ती ओसरली, १९३०-४० च्या दशकांत परत आली, आणि २०१५ च्या सुमारास तर फोनसुद्धा रोझ गोल्ड रंगात यायला लागले.

पांढऱ्या सोन्याची गोष्ट वेगळी आहे कारण ते हौसेतून नाही, टंचाईतून आलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिऱ्यांच्या दागिन्यांना प्लॅटिनम हवं असायचं, आणि जगाचं बहुतेक प्लॅटिनम रशियातल्या उरल भागातून यायचं. पहिलं महायुद्ध लागलं, स्फोटकांसाठी लागणारं ॲसिड बनवायला प्लॅटिनम लागायचं, त्यात १९१७ ची क्रांती झाली, अमेरिकेत सरकारने साठ्यांवर हात ठेवला. मग जर्मनी आणि अमेरिकेतल्या कारागिरांनी सोन्यात निकेल घालून ते पांढरं करायची रीत बाजारात आणली. सोबत थोडं जस्त आणि घडवता यावं म्हणून थोडं तांबं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत दागिन्यांसाठी प्लॅटिनम बंद झालं तेव्हा हेच सोनं परत कामाला आलं.

निकेलचा अणू तांब्यापेक्षाही लहान, म्हणून निकेलचं १८ कॅरेट पांढरं सोनं मऊ केल्यावरही कडकपणात २०० च्या वर असतं. हिरा धरणाऱ्या नख्यांना हे फार छान, चटकन वाकत नाहीत. पण कडकपणाबरोबर हट्टीपणा येतो. घडवताना तडे जातात, आणि ताण असलेली नखी पोहण्याच्या तलावातल्या क्लोरीनमध्ये वारंवार गेली तर एक दिवस तुटते, हिरा पडला तरच कळतं. निकेलऐवजी पॅलेडियम हा प्लॅटिनमच्या जातीचा धातू घातलेलं पांढरं सोनं याच्या उलट, साधारण १०० च्या आसपास, घडवायला लोण्यासारखं, पण वितळायला १२०० अंशांच्या आसपास जावं लागतं आणि पॅलेडियम महाग. २०१९ ला तर त्याचा भाव सोन्याच्याही वर गेला होता.

आता खरा वाद. निकेलची ॲलर्जी युरोपात फार पसरलेली होती, विशेषतः कान टोचलेल्या बायकांमध्ये, दहातल्या एकीदोघींना तरी. डेन्मार्कने आधी नियम केले, मग १९९४ ला संपूर्ण युरोपसाठी निर्णय झाला आणि २००० नंतर तो दुकानांपर्यंत पोचला. त्यात मुद्दा असा होता की धातूत निकेल किती आहे ते न मोजता त्यातून निकेल किती बाहेर पडतं ते मोजायचं. अंगाला लागून राहणाऱ्या वस्तूतून आठवड्याला एका चौरस सेंटिमीटरमागे ०.५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त निकेल सुटता कामा नये. ते तपासायला मीठ, लॅक्टिक ॲसिड आणि युरिया घालून खोटा घाम बनवतात आणि वस्तू त्यात ३० अंशांवर एक आठवडा ठेवतात.

टोचलेल्या कानात घालायच्या काडीसाठी मात्र सुरुवातीला नियम उलटा होता, जखम भरेपर्यंत धातूतच निकेल ०.०५ टक्क्याच्या वर नको. म्हणजे एकाच कायद्यात एकीकडे सुटणारं निकेल आणि दुसरीकडे आत असलेलं निकेल. २००४ ला हे बदललं आणि काडीसाठीही सुटण्याचीच मर्यादा आली, ०.२ मायक्रोग्रॅम. काही जणांना ही ढिलाई वाटली, व्यापाऱ्यांना सुटका वाटली. माझ्या मते शास्त्र म्हणून सुटणारं निकेल मोजणंच बरोबर, कारण त्वचेला त्रास होतो तो बाहेर आलेल्या निकेलचा, आत अडकून बसलेल्याचा नाही, आणि निकेल असूनही मर्यादेत बसणारे मिश्रधातू आहेतच. पण घेणाऱ्याच्या बाजूने बघितलं तर हा निर्णय अर्धवट राहिला. मर्यादेत बसलेली अंगठी घेऊन बाई घरी येते, तिला वाटतं निकेल नाहीये, आणि बिलावर तसं कोणी लिहिलेलंच नसतं. ज्याला ॲलर्जी आधीच झालेली आहे त्याला आत काय आहे हे कळण्याचा हक्क हवा होता आणि तो दिला गेला नाही.

दुसरी अडचण मुलाम्याची. मर्यादेत बसायचं म्हणून निकेल कमी केलं की सोनं पिवळसर दिसायला लागतं, मग त्यावर रोडियम या पांढऱ्या धातूचा पातळ थर देतात. नियमात मुलामा चालतो, अट एवढीच की नेहमीच्या वापरात निदान २ वर्षं मर्यादा पाळली गेली पाहिजे. दोन वर्षांनंतर काय, त्याचं उत्तर नाही. आणि अंगठीच्या तळव्याकडच्या बाजूला रोडियम सगळ्यात आधी घासलं जातं, तिथे पिवळट पट्टा दिसतो, नेमकी तीच बाजू दिवसभर घामाला आणि साबणाला लागून असते.

आपल्याकडे व्हाइट गोल्ड घेताना ‘निकेल बेस की पॅलेडियम बेस’ हे विचारावं आणि बिलावर लिहून घ्यावं. घरी शंका आली तर डायमिथाइलग्लायॉक्सिमचं छोटं टेस्ट किट मिळतं, कापसाच्या काडीवर दोन थेंब टाकून दागिन्यावर अर्धा मिनिट घासायचे, काडी गुलाबी झाली तर निकेल सुटतंय. पण नव्या दागिन्यावर रोडियमचा थर धड असेल तर काडी गुलाबी होणार नाही आणि त्यावरून आत निकेल नाही असं समजू नये, म्हणून ही तपासणी जिथे थर झिजलाय तिथेच करायची, आणि परत पॉलिश-रोडियम करायला देण्याच्या आधी करायची, नंतर नाही.