स्प्रिंग पूर्ण दाबली की उंची किती? एका तारेच्या जाडीचा घोळ

कॉम्प्रेशन स्प्रिंग पूर्ण दाबली, वेढ्याला वेढा टेकला, की जी उंची उरते ती सॉलिड हाइट. बहुतेक जण ती पटकन काढतात: तारेची जाडी गुणिले वेढे. २ मिमी तार, एकूण १० वेढे, म्हणजे २० मिमी. पण स्प्रिंगची टोकं ग्राइंड केलेली नसतील तर मोजल्यावर २२ येतात, आणि हे जास्तीचे २ कुठून आले हे बघण्यात मला सगळ्यात जास्त मजा वाटते.

तारेच्या आतून, अगदी मधोमध, एक रेघ गेलीय असं समजा. वेढे चिकटलेले असताना ती रेघ एका फेरीत २ मिमी वर चढते, दहा फेऱ्यांत २०. पण ही चढण तारेच्या मध्यापासून मध्यापर्यंतची झाली ना, सुरुवातीला रेघेच्या खाली अर्धी तार आहे आणि शेवटी वर अर्धी, दोन्ही मिळून पूर्ण एक तार, म्हणून २२. टोकं ग्राइंड करून सपाट केली की हीच दोन अर्धुकं घासून जातात, म्हणून तिथे साधा गुणाकार बरोबर येतो.

फ्री लेंग्थ, म्हणजे न दाबलेली लांबी, याच रेघेवरून निघते. दोन्ही टोकांचा एकेक वेढा बंद आहे, म्हणजे शेजारच्या वेढ्याला टेकवलेला, आणि मधले ८ काम करणारे, त्यांचा पिच, म्हणजे एका वेढ्याच्या मध्यापासून पुढच्याच्या मध्यापर्यंतचं अंतर, ५ मिमी. आठांची चढण ४०, बंद दोघांची ४, झाले ४४. ही ग्राइंड केलेल्या स्प्रिंगची लांबी, न केलेलीची ४६.

आता पडताळा बघा: ४४ वजा २० म्हणजे २४, आणि ४६ वजा २२ म्हणजेही २४! कारण दबते ती फक्त मोकळी जागा, ५ वजा २ म्हणजे ३ मिमी, अशी आठ वेळा. तुमचं उत्तर या २४ शी जुळलं नाही तर टोकांचा हिशोब चुकलाय.

हे २४ मिमी पूर्ण वापरू नका, साधारण १० ते १५ टक्के शिल्लक ठेवतात, कारण वेढे सगळे एकदम टेकत नाहीत, आधी काही टेकतात मग काम करणारे वेढे कमी होतात आणि स्प्रिंग अचानक कडक लागते.

"कधीच बसणार नाही", म्हणजे दाबून कायमची आखूड होणार नाही, अशी जाहिरात असलेल्या स्प्रिंगवर तर विश्वास ठेवूच नका. लांबी मोजा, एकदा सॉलिडपर्यंत दाबा, परत मोजा. कमी भरली तर तारेवरचा ताण तिच्या सोसण्याच्या पलीकडे गेला होता. म्हणून बनवणारे कधीकधी मुद्दाम थोडी लांब गुंडाळून आधीच दाबून घेतात आणि त्यानंतरची लांबीच खरी धरतात.

शिवाय प्लेटिंग असेल तर जाडी त्याच्यासकट धरा. ०.०१ मिमीचा थर तारेच्या दोन्ही बाजूंना बसतो, दहा वेढ्यांत सॉलिड हाइट ०.२ मिमीने वाढते.