ग्रिडवर २५ किलोमीटर, जमिनीवर सात मीटर जास्त

एका लांब सर्वेक्षण रेषेची दोन टोकं घेऊ. यूटीएम या जागतिक नकाशा-जाळीत अ या टोकाचं ईस्टिंग, म्हणजे पूर्वेकडचा सहनिर्देशक, ६,२०,००० मीटर आणि नॉर्थिंग, म्हणजे उत्तरेकडचा, २०,००,००० मीटर. ब या टोकाचं ईस्टिंग ६,४४,००० आणि नॉर्थिंग २०,०७,०००. पूर्वेकडे २४ किलोमीटर आणि उत्तरेकडे ७ किलोमीटर असा फरक आहे, म्हणून पायथागोरसने अंतर येतं नेमकं २५,०००.००० मीटर. आता हेच अंतर जमिनीवर काटेकोरपणे मोजलं तर ते सुमारे २५,००७ मीटर भरतं. मोजणी चुकलेली नसते आणि सहनिर्देशकही चुकलेले नसतात. पहिलं अंतर नकाशाच्या सपाट जाळीवरचं, म्हणजे ग्रिड अंतर आहे आणि दुसरं आपण ज्या उंचीवर उभे आहोत तिथलं क्षितिजसमांतर अंतर. एकावरून दुसऱ्यावर जाण्यासाठी जो आकडा वापरतात तो कंबाइंड स्केल फॅक्टर. सोयीसाठी त्याला संयुक्त गुणक म्हणू.

तो संयुक्त आहे, कारण अंतर दोनदा बदललेलं असतं. जमिनीवरची रेषा आधी खाली एलिप्सॉइडवर, म्हणजे पृथ्वीच्या गणिती आकारावर उतरवली जाते. उंचावरून खाली येताना ती आखूड होते, कारण पृथ्वीच्या केंद्राजवळ जावं तसे दोन उभ्या रेषांमधलं अंतर कमी होत जातं. मग एलिप्सॉइडचा तो वक्र तुकडा सपाट ग्रिडवर पसरला जातो. यूटीएममध्ये या पसरण्याचा हिशेब मुद्दाम असा ठेवला आहे, की झोनच्या, म्हणजे पृथ्वीच्या एका उभ्या पट्ट्याच्या, मध्य रेखावृत्तावर गुणक ०.९९९६ असतो. तिथे ग्रिडवरचा किलोमीटर ४० सेंटिमीटरने आखडलेला असतो. मध्य रेषेपासून दोन्ही बाजूंना जावं तसा गुणक वाढतो, साधारण १८० किलोमीटरवर तो १ होतो आणि त्यापलीकडे १ च्याही वर जातो.

मध्य रेखावृत्ताला ५,००,००० मीटर ईस्टिंग दिलेलं असतं. त्यामुळे ईस्टिंगमधून तेवढे वजा केले की आपण मध्य रेषेपासून किती दूर आहोत ते कळतं. त्यावरून पहिला गुणक असा निघतो:

```
k = 0.9996 + (E - 500000)^2 / (2 * 0.9996 * R^2)
```

इथे R ही पृथ्वीची त्या अक्षांशावरची सरासरी त्रिज्या. आपली रेषा विषुववृत्ताच्या उत्तरेला १८ अंशांच्या आसपास आहे, तिथे ती ६,३६१ किलोमीटर धरता येते. अ टोक मध्य रेषेपासून १२० किलोमीटरवर आहे, तिथे k येतो ०.९९९७७८०१. ब टोक १४४ किलोमीटरवर, तिथे ०.९९९८५६३४. मधला बिंदू १३२ किलोमीटरवर, तिथे ०.९९९८१५४०.

या तिन्हींपैकी कुठला वापरायचा? छोट्या कामात मधल्या बिंदूचा k घेतला तरी चालतं. पण k हा अंतराच्या वर्गाने वाढतो, सरळ रेषेत नाही. त्यामुळे टोकांची साधी सरासरी काढली तर ती जरा जास्त येते आणि मधला बिंदू घेतला तर जरा कमी. दोन्ही टोकांना एकेक वजन आणि मध्याला चार वजन देऊन सहाने भागलं की अचूक सरासरी मिळते:

```
k_mean = (kA + 4*kM + kB) / 6
```

आपल्या रेषेसाठी ही सरासरी ०.९९९८१५९९. टोकांच्या साध्या सरासरीने २५ किलोमीटरमागे सुमारे ३० मिलिमीटर चूक झाली असती आणि मधल्या बिंदूने १५ मिलिमीटर, तीही उलट दिशेने. रेषा उत्तर-दक्षिण असती तर ईस्टिंग फारसं बदललं नसतं आणि ही काळजीच उरली नसती.

आता उंची. अ टोक समुद्रसपाटीपासून ६१० मीटर आणि ब टोक ७५० मीटर उंच आहे असं समजू. सरासरी ६८० मीटर. पण सूत्राला समुद्रसपाटीपासूनची उंची नको असते, एलिप्सॉइडपासूनची हवी असते. या दोहोंतला फरक म्हणजे जिऑइडची, म्हणजे सरासरी समुद्रसपाटीच्या पृष्ठभागाची, एलिप्सॉइडपासूनची उंची, आणि तिच्या चिन्हाकडे बारीक लक्ष द्यावं लागतं. आपल्या ठिकाणी जिऑइड एलिप्सॉइडच्या ६८ मीटर खाली आहे, म्हणजे आकडा उणे ६८. तो मिळवला की ६८० चे ६१२ होतात. उपग्रहांवरून स्थान मोजणाऱ्या जीएनएसएस रिसीव्हरच्या मूळ निकालातली उंची एलिप्सॉइडपासूनचीच असते. लेव्हलिंग करून आणलेली उंची तशी नसते.

```
EF  = R / (R + h)
CSF = k_mean * EF
ground = grid / CSF
```

इथे h ही एलिप्सॉइडपासूनची ६१२ मीटर उंची आणि EF हा उंचीचा गुणक. तो येतो ०.९९९९०३८०. दोन्हींचा गुणाकार, म्हणजे संयुक्त गुणक CSF, ०.९९९७१९८१. आता २५,००० ला त्याने भागा: २५,००७.००७ मीटर.

भागायचं, गुणायचं नाही. ग्रिडवरून जमिनीवर येताना भागाकार आणि जमिनीवरून ग्रिडवर जाताना गुणाकार. इथे गुणलं असतं तर २४,९९२.९९५ आलं असतं, म्हणजे खऱ्या उत्तरापेक्षा १४ मीटर कमी. चूक दुप्पट होते, कारण दुरुस्ती नुसती राहून जात नाही, ती उलट्या बाजूला लागते. एक सोपी खूण लक्षात ठेवता येते: गुणक १ पेक्षा लहान असेल तर जमिनीवरचं अंतर ग्रिडपेक्षा मोठंच आलं पाहिजे.

जिऑइडची चूक मात्र अशी डोळ्यांना दिसत नाही. उणे ६८ विसरून ६८० च वापरले तर उत्तर २७ सेंटिमीटरने वाढतं, आणि चिन्ह उलटं लावून ७४८ केले तर ५३ सेंटिमीटरने. दोन्ही उत्तरं दिसायला बरोबर वाटतात. अंदाज बांधायचा तर उंचीत साधारण साडेसहा मीटरची चूक म्हणजे अंतरात दशलक्षात एक भाग, दर किलोमीटरला एक मिलिमीटर. म्हणून उंची सेंटिमीटरपर्यंत अचूक असण्याची गरज नाही, पण ती कुठल्या पृष्ठभागापासून मोजली आहे हे पक्कं माहीत हवं. दशांशस्थळांचंही तसंच. गुणक पाच स्थळांपर्यंत पूर्णांकित केला तर २५ किलोमीटरला साडेबारा सेंटिमीटरपर्यंत फरक पडू शकतो. आठ स्थळं लिहिली की हा प्रश्न संपतो.

इथवरचं गणित बहुतेक ठिकाणी मिळतं. लांब रेषेची खरी अडचण यापुढे आहे. आपण सरासरी उंची काढली ती फक्त दोन टोकांची. मधली जमीन कुठल्या उंचीवर आहे हे सूत्राला माहीतच नाही. समजा रेषा एका दरीतून जाते. पाच-पाच किलोमीटरचे पाच तुकडे केले तर त्यांच्या सरासरी उंची ६२०, ४८०, ४३०, ५६० आणि ७१० मीटर आहेत. या पाचांची सरासरी ५६० मीटर, टोकांच्या सरासरीपेक्षा १२० मीटर कमी. यातूनही ६८ वजा करून हिशेब केला तर अंतर येतं २५,००६.५३५ मीटर. आधीच्या उत्तराहून ४७ सेंटिमीटर कमी.

मग खरं अंतर कोणतं? दोन्ही खरी आहेत, पण वेगवेगळ्या पृष्ठभागांवरची. पहिलं अंतर ६८० मीटर उंचीवरच्या एका कल्पित वक्र पृष्ठभागावरचं आहे. दुसरं, जमिनीच्या चढउताराबरोबर जाणाऱ्या क्षितिजसमांतर तुकड्यांची बेरीज आहे. टोटल स्टेशनने, म्हणजे अंतर आणि कोन मोजणाऱ्या यंत्राने, तुकड्यातुकड्याने मोजत गेलेल्या माणसाला दुसरंच मिळणार. ‘जमिनीवरचं अंतर’ या शब्दाला उंची सांगितल्याशिवाय पूर्ण अर्थ येत नाही, आणि हे अहवालात लिहिलेलं नसेल तर दोन प्रामाणिक मोजण्यांमध्ये अर्ध्या मीटरचा वाद उभा राहतो.

सरासरी उंची बरोबर घेतली तरीही सगळ्या रेषेला एकच गुणक लावणं धोक्याचं आहे. बेरीज जुळते, मधले बिंदू जुळत नाहीत. पहिल्या पाच किलोमीटरचा स्वतःचा संयुक्त गुणक ०.९९९६९८४८ आहे. त्याने तो तुकडा ५,००१.५०८ मीटर होतो. संपूर्ण रेषेचा सरासरी गुणक लावला तर तोच तुकडा ५,००१.३०७ मीटर येतो. पाचव्या किलोमीटरचा खुंट २० सेंटिमीटर अलीकडे पडतो, आणि शेवटच्या टोकाला सगळं पुन्हा बरोबर दिसतं. फक्त एकूण लांबी तपासणाऱ्याला ही चूक कधीच सापडत नाही. म्हणून लांब रेषा तोडूनच हिशेब करावा. तुकडे समान असण्याची सक्ती नाही. जिथे जमिनीची उंची पंचवीस-तीस मीटरहून जास्त बदलते तिथे नवा तुकडा सुरू केला, तर उंचीमुळे येणारा फरक किलोमीटरमागे चार-पाच मिलिमीटरच्या आत राहतो.

पडताळणी प्रत्यक्ष जागेवर करता येते. अ टोकाजवळ रेषेवरच ग्रिडवर नेमके १,००० मीटर दूर असलेले दोन बिंदू घ्या. तिथे हिशेबाने जमिनीवर सुमारे १,०००.३१ मीटर यायला हवेत. चांगल्या टोटल स्टेशनला एका किलोमीटरमागे दोन-तीन मिलिमीटरची अचूकता मिळते, त्यामुळे हे ३१ सेंटिमीटर स्पष्ट दिसतात. तापमान आणि हवेचा दाब यंत्रात बरोबर भरलेले असावेत. तापमानात एक अंशाची चूक म्हणजे जवळपास दशलक्षात एक भाग. मोजणी १,०००.०० आली तर यंत्रात आधीच कुणीतरी स्केल फॅक्टर भरून ठेवला आहे आणि ते ग्रिड अंतर दाखवत आहे. अशा यंत्राने घेतलेलं अंतर कार्यालयात पुन्हा गुणकाने गुणलं तर दुरुस्ती दोनदा लागते. मोजणी १,०००.२२ च्या आसपास आली, तर हिशेबात उंचीचा गुणक धरला आहे पण यंत्र एलिप्सॉइडवर उतरवलेलं अंतर दाखवत आहे, असा संशय घ्यावा.

काही प्रकल्पांत सगळे सहनिर्देशकच गुणकाने भागून जमिनीच्या मापात आणतात. बांधकामासाठी ते सोयीचं असतं, पण तसं केल्यावर आपल्या अ बिंदूचं ईस्टिंग ६,२०,००० च्या ऐवजी ६,२०,१७४ होतं आणि तरीही ते दिसायला यूटीएमसारखंच राहतं. कुणी ते खरं यूटीएम समजून नकाशावर टाकलं तर बिंदू पूर्वेला १७४ मीटर आणि उत्तरेला ५६१ मीटर सरकतो. हे टाळायचं तर भागल्यानंतर ईस्टिंग आणि नॉर्थिंगमधून मोठी गोल संख्या वजा करावी, म्हणजे आकडेच वेगळे दिसतात. आणि वजा केलेल्या संख्या, वापरलेला गुणक, त्याची उंची आणि त्रिज्या हे सगळं त्या सहनिर्देशकांच्या यादीवरच लिहावं.