मुदत संपलेला गाळा आणि जुनं भाडं

“करार संपल्यावर गाळा सोडला नाही, तरी मालकाला जुन्याच दरानं पैसे मागता येतात.”

नाही. लीव्ह अँड लायसन्सची मुदत संपली की परवानगी संपते, आणि तिच्याबरोबर ठरलेला दरही. ताब्याच्या दाव्यात मालक अंतस्थ नफा मागू शकतो, म्हणजे बेकायदा ताब्यातल्या माणसाला त्या जागेतून मिळालेलं किंवा साधी खटपट केली असती तर मिळालं असतं ते उत्पन्न. त्यानं स्वखर्चानं केलेल्या सुधारणांचा लाभ मात्र त्यात धरत नाहीत.

समजा, साताऱ्यातल्या गाळ्याचे महिना 8,000 ठरले होते आणि शेजारचे तसेच गाळे आज 14,000 ला जातात. दहा महिन्यांचे 1,40,000 मागता येतील, पण दर सिद्ध मालकानंच करायचा. इथेच बरेच दावे लंगडे पडतात. शेजारच्या नोंदणीकृत करारांच्या नकला काढून दर पडताळता येतो. दाव्यानंतरच्या काळासाठी न्यायालय दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 20, नियम 12 खाली चौकशी लावू शकतं.