रेंडरमधलं फार्महाऊस आणि लांबची धूसर हवा: ०.०१ चा घोळ

मोकळं शेत, मधे फार्महाऊस, बाजूला गोठा आणि अवजारांची शेड, समोरून लांबवर जाणाऱ्या पिकाच्या ओळी आणि पार मागे डोंगर. असा सीन केला की एक तक्रार ठरलेली, सगळं टेबलावर ठेवलेल्या खेळण्यासारखं दिसतं, डोंगर म्हणजे मागे लावलेला कागद वाटतो. मग कोणीतरी सांगतं हेझ टाक, म्हणजे लांबच्या गोष्टींवर हवेचा धूसर थर दे, आणि माणूस ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमधे प्रकाश विखुरणारी हवा म्हणून Volume Scatter जोडतो, Density ला ०.०१ टाकतो (छोटा आकडा वाटतो ना), आणि डोंगर तर सोडाच, मागची झाडंसुद्धा गायब होतात. मी पण हेच केलंय, एकदा नाही, बऱ्याचदा.

तर ०.०१ हा छोटा आकडा नाहीये. ही Density म्हणजे प्रत्येक मीटरला प्रकाशाचा साधारण किती भाग हवा विखरून टाकते ते. ०.०१ म्हणजे दर मीटरला एक टक्का, आणि चक्रवाढ व्याजासारखं हे साठत जातं, फक्त उलट्या दिशेने. हॅराल्ड कोश्मीडर नावाच्या जर्मन हवामान शास्त्रज्ञाने १९२४ साली यातून एक साधा हिशोब मांडला. क्षितिजावरच्या आकाशासमोर एखादी काळी वस्तू धरली आणि ती लांब लांब नेली तर तिचा कॉन्ट्रास्ट कमी होत जातो, तो २ टक्क्यांवर आला की ती डोळ्याला दिसेनाशी होते असं धरायचं, आणि ते अंतर म्हणजे दृश्यमानता. सूत्र इतकंच की ३.९१२ ला दृश्यमानतेने (मीटरमधे) भागलं की Density मिळते. आता उलटं करून बघा, ३.९१२ भागिले ०.०१ म्हणजे ३९१ मीटर. हवामानवाले १ किलोमीटरच्या खाली दिसत असेल तर त्याला धुकं म्हणतात, म्हणजे आपण हलकी हेझ समजून चक्क धुकं टाकलेलं असतं.

मला स्वच्छ पण किंचित धुरकट दुपार हवी होती, म्हणून दृश्यमानता २० किलोमीटर धरली. Density आली ०.०००१९६. माझ्या सीनमधे घर कॅमेऱ्यापासून ६० मीटरवर, शेड १२० वर, बांधावरची झाडांची रांग ८०० वर आणि डोंगर ६ किलोमीटरवर. या Density ला घरावर हवेचा थर येतो १ टक्का, शेडवर २, झाडांवर साधारण १४, आणि डोंगरावर ६९. ०.०१ ला मात्र घरच ४५ टक्के धुतलं जातं आणि शेड ७० टक्के. म्हणजे खऱ्या हेझमधे घर आणि शेड यांच्यात हवेमुळे जवळपास काहीच फरक पडत नाही! त्या दोघांमधलं अंतर सावल्या, आकार आणि एकमेकांवर आलेल्या कडांनीच दाखवावं लागतं, हेझची गंमत सुरूच होते अर्धा किलोमीटर ओलांडल्यावर. हे सगळं सीन खऱ्या मापात असेल तरच, घर दहापट लहान मॉडेल केलं असेल तर आकडेही दहापट चुकणार.

स्थिर चित्रासाठी मी व्हॉल्यूमच्या भानगडीत पडतच नाही, वर्ल्डला व्हॉल्यूम लावला तर तो अनंत पसरलेला असतो आणि लांबच्या सूर्याचा अन आकाशाचा उजेडच अडवतो, मोठा खोका करून त्यात भरला तर चालतं पण नॉइज येतो. त्यापेक्षा डेप्थ पास घ्यायचा, म्हणजे प्रत्येक पिक्सेलचं कॅमेऱ्यापासूनचं मीटरमधलं अंतर Z मिळतं, आणि रेंडर झाल्यावर कंपोझिटिंगमधे हे करायचं:

```
T = exp(-3.912 * Z / 20000)
final = render * T + airlight * (1 - T)
```

यातला पहिला भाग म्हणजे वस्तूचा उरलेला प्रकाश आणि दुसरा म्हणजे मधल्या हवेने स्वतः डोळ्याकडे पाठवलेला उजेड. लोक हा दुसरा भाग विसरतात, त्यांना वाटतं हेझ म्हणजे रंग फिका करणं. पण आकडे घालून बघा. झाडांच्या सावलीची ब्राइटनेस ०.०३ धरू, आणि airlight म्हणून क्षितिजाची ०.६०. ८०० मीटरवर सावली होते जवळपास ०.११, म्हणजे पावणेचार पट उजळ. त्याच अंतरावर ०.७० ची पांढरी भिंत ठेवली तर ती ०.६९ होते, कोणाला कळणारही नाही. हेझ दिसते ती काळ्यात, पांढऱ्यात नाही. म्हणून हेझ बरोबर बसली का हे बघायला मी प्रत्येक अंतरावरच्या सगळ्यात गडद सावलीवर कलर पिकर फिरवतो, जवळून लांब जाताना ती पायरी पायरीने उजळत गेली पाहिजे. लांबच्या झाडीत जवळच्या गोठ्याच्या दारासारखाच काळा सापडला तर तिथेच चित्र फसलंय.

हे गणित टोन मॅपिंगच्या आधी, म्हणजे रेंडरचे आकडे स्क्रीनसाठी बदलण्याआधी, लिनिअर आकड्यांवरच करायचं. फायनल इमेज सेव्ह करून फोटो एडिटरमधे वर थर चढवला तर तीच सावली ०.११ ऐवजी ०.०६ च्या आसपास अडकते, जवळपास अर्ध्यावर, आणि लांबची झाडं मळकट दिसतात.

आता airlight चा रंग. इथे सगळे निळा टाकतात. हवेचे रेणू निळा प्रकाश जास्त विखुरतात हे खरंच आहे, पण नुसत्या स्वच्छ हवेत दृश्यमानता जवळपास ३०० किलोमीटर निघते, म्हणजे आपल्या ८०० मीटरवर तिचा हिस्सा एक टक्क्याच्या आसपास. बाकीचं काम धूळ, धूर आणि ओलाव्याचे बारीक कण करतात, आणि ते सगळे रंग बऱ्यापैकी सारखेच विखुरतात, त्यातही पुढच्या दिशेला जास्त. म्हणून सूर्याच्या बाजूची हेझ पांढरट, प्रखर दिसते आणि सूर्याकडे पाठ केली की जरा निळसर. सोपा उपाय म्हणजे रंग मनाने निवडूच नका, त्याच दिशेच्या क्षितिजालगतच्या आकाशातून उचला. क्षितिजाजवळचं आकाश म्हणजे तीच हवा खूप लांबपर्यंत साठलेली, त्यामुळे डोंगर आपोआप त्यात विरघळतो. आणि आकाशावर पुन्हा हेझ लावू नका, त्यात ती आधीच आहे.

एक गोष्ट मला बऱ्याच उशिरा कळली. माझं चित्र १९२० पिक्सेल रुंद, ३५ मिमी लेन्स, कॅमेरा माणसाच्या डोळ्याइतका १.६ मीटरवर. सपाट जमिनीवर १०० मीटरचा बिंदू क्षितिजाच्या ३० पिक्सेल खाली येतो आणि ८०० मीटरचा ४ पिक्सेल खाली. म्हणजे मधलं ७०० मीटर शेत सगळं २६ पिक्सेलच्या पट्टीत कोंबलेलं! दोनपासून १४ टक्क्यांपर्यंतची हेझ त्या पट्टीत चढते, दिसणार कशी? म्हणून माणूस Density वाढवत बसतो. त्याऐवजी मी ३०० मीटरवर एक कोठार उभं केलं आणि ५०० वर दोन झाडं, त्यांच्या सावल्यांना उभी जागा मिळाली आणि हवा दिसायला लागली, आकडा न बदलता.

पिकाच्या ओळींचंही तसंच. ७५ सेंटीमीटरवरच्या ओळी कॅमेऱ्यापासून लांब जात असतील तर ७०० मीटरपर्यंत प्रत्येकीला दोन पिक्सेल मिळतात, आडव्या असतील तर ३३ मीटरवरच सगळं एकजीव होतं, त्यापुढे नुसती लहरणारी जाळी दिसते. तिथून पुढे मी खऱ्या ओळी काढून टाकतो, नुसता सपाट रंग ठेवतो.