एका मिनिटाच्या कँडलचं गणित

शेअर बाजाराचं सत्र सकाळी सव्वानऊला सुरू होतं आणि दुपारी साडेतीनला संपतं. ही ३७५ मिनिटं. चार्टवरची एक कँडल म्हणजे ठरलेल्या वेळेतली भावाची चाल दाखवणारी एक खूण. चार्ट एका मिनिटावर ठेवला तर दिवसभरात ३७५ कँडल दिसतात, पंधरा मिनिटांवर ठेवला तर २५. शेअर तोच, भावही तोच. पण पहिल्या चार्टवर ‘आता घ्यावं’ किंवा ‘आता सुटावं’ असं वाटायला लावणाऱ्या जागा पंधरा पट. इंट्राडे, म्हणजे त्याच दिवशी घेऊन त्याच दिवशी विकणं, करणारे बरेच जण दिवसाला दहा-बारा सौदे कसे करून बसतात, याचं निम्मं उत्तर इथेच आहे. ओव्हरट्रेडिंगची चर्चा बहुधा लोभ आणि शिस्त या दोन शब्दांवर येऊन थांबते. त्या उपदेशात मला फारसा रस नाही, कारण त्याच्या आधी साधं अंकगणित येतं आणि ते लहान कँडलच्या विरोधात जातं.

एक सौदा घेऊ. ५०० रुपयांचा शेअर, २०० नग, म्हणजे एक लाखाची खरेदी. अर्ध्या तासात जवळपास त्याच भावाला विक्री. डिस्काउंट ब्रोकर प्रत्येक ऑर्डरला २० रुपये घेतो असं धरलं तर जाता-येता ४० रुपये. विक्रीच्या रकमेवर ०.०२५ टक्के एसटीटी हा व्यवहारकर, म्हणजे २५ रुपये. एक्स्चेंजचं शुल्क लाखाला साधारण तीन रुपये, दोन्ही बाजू मिळून सहा. खरेदीवर मुद्रांक शुल्क तीन रुपये. सेबीचं शुल्क काही पैसे. ब्रोकरेज आणि शुल्कांवर १८ टक्के जीएसटी, सुमारे आठ रुपये. बेरीज ८२-८३ रुपयांवर जाते, आणि हे सगळं कॉन्ट्रॅक्ट नोटमध्ये छापलेलं असतं.

कॉन्ट्रॅक्ट नोटमध्ये जे छापलेलं नसतं ते म्हणजे भावातली फट. घेणाऱ्याला ५००.१० द्यावे लागतात आणि त्याच क्षणी विकणाऱ्याला ५०० मिळतात. घाईत मार्केट ऑर्डर, म्हणजे मिळेल त्या भावाची ऑर्डर, टाकणारा ही दहा पैशांची फट भरतो. २०० नगांवर २० रुपये. म्हणजे भाव जागचा हलला नाही तरी एका फेरीला शंभरेक रुपये गेले. लाखावर ०.१ टक्का म्हणजे काहीच नाही, असं वाटेल. पण हिशेब स्वतःच्या भांडवलावर करायला हवा. इंट्राडेला सौद्याच्या किमान २० टक्के रक्कम मार्जिन म्हणून खात्यात लागते, त्यामुळे ५० हजार खात्यावर असलेला माणूस लाखाचा सौदा सहज करतो. त्याच्यासाठी एक फेरी म्हणजे भांडवलाचा ०.२ टक्का. रोज बारा फेऱ्या केल्या तर १,२०० रुपये. वीस दिवसांत २४ हजार. अंदाज बरोबर की चूक हा प्रश्न यायच्या आधीच महिन्यात जवळजवळ निम्मं भांडवल खर्चाच्या खात्यात गेलं.

आता खरी मेख. खर्च कँडलचा आकार बघत नाही, भावाची चाल मात्र वेळेप्रमाणे लहान-मोठी होते. किती? १९०० साली पॅरिसमध्ये लुई बाशलिये या गणितज्ञाने प्रबंधात शेअर बाजारातल्या भावांच्या चढउताराला संभाव्यतेचं गणित लावलं. त्यातून निघणारी मोठी गोष्ट अशी की भावाची सर्वसाधारण चाल वेळेच्या पटीत वाढत नाही, वेळेच्या वर्गमुळाच्या पटीत वाढते. चौपट वेळ दिला तर चाल दुप्पट होते. प्रत्यक्ष बाजार या नियमाला काटेकोर पाळत नाही, सकाळचा पहिला अर्धा तास दुपारच्या एकपेक्षा कितीतरी उधळलेला असतो. पण ढोबळ अंदाजाला नियम पुरतो.

आपला शेअर सत्रात साधारण दीड टक्का हलतो असं समजा. लाखाच्या सौद्यात ती चाल १,५०० रुपयांची. एका मिनिटाची चाल काढायची तर ३७५ चं वर्गमूळ घ्यायचं, म्हणजे सुमारे १९.४, आणि त्याने भागायचं. उत्तर येतं ७७ रुपये. इथे थांबून बघण्यासारखं आहे: एका मिनिटात भाव साधारण ७७ रुपयांइतका हलतो आणि त्यात शिरून बाहेर पडायला शंभर रुपये लागतात. चाल पूर्णपणे पकडली तरी खिशातून पैसे जातात. पाच मिनिटांना हीच चाल १७० च्या आसपास, पंधरा मिनिटांना ३००, तासाला ६००. गल्लीच्या टोकापर्यंत जायलाही रिक्षाचं किमान भाडं पडतं, तसाच हा प्रकार.

याचा परिणाम यशाच्या टक्केवारीवर कसा होतो ते बघा. नफ्यात बाहेर पडायचं टार्गेट आणि तोट्यात बाहेर पडायचा स्टॉपलॉस सारख्याच अंतरावर ठेवले आणि खर्च नसता, तर निम्मे सौदे बरोबर आले की माणूस ना नफा ना तोट्यात राहतो. शंभर रुपये खर्च धरल्यावर १,५०० रुपयांच्या चालीसाठी ५३ टक्के सौदे बरोबर यावे लागतात. ६०० रुपयांच्या चालीसाठी ५८. ३०० साठी ६७. आणि पाच मिनिटांच्या १७० रुपयांसाठी जवळपास ८०. यूट्यूबवर ‘अचूकता सत्तर टक्के’ म्हणून खपणारी पाच मिनिटांची पद्धत अगदी खरी असली, तरी या हिशेबात तोट्यातच जाईल. हे कुणी थंबनेलवर लिहीत नाही.

हे फक्त कागदावरचं नाही. सेबीने जुलै २०२४ मध्ये शेअरच्या इंट्राडे व्यवहारांचा अभ्यास जाहीर केला. २०२२-२३ या वर्षात दहांपैकी सात वैयक्तिक ट्रेडर तोट्यात होते. वर्षाला पाचशेहून जास्त सौदे करणाऱ्यांत हे प्रमाण ८० टक्के होतं. तोट्यातल्या लोकांनी तोट्याच्या वर आणखी त्याच्या ५७ टक्के इतकी रक्कम व्यवहारखर्चावर घालवली. नफ्यातल्यांचा खर्च नफ्याच्या १९ टक्के होता. एक सावधगिरी बाळगायला हवी: जास्त सौद्यांमुळे तोटा होतो की तोटा भरून काढायला लोक जास्त सौदे करतात, हे या आकड्यांवरून वेगळं काढता येत नाही. माझ्या मते दोन्ही खरं आहे, आणि दुसरं पहिल्याला खतपाणी घालतं.

त्या दुसऱ्या भागाचा संबंध थकव्याशी आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाला प्रश्न पडला होता की रडारवर बसलेली माणसं पाणबुड्यांच्या खुणा का चुकवतात. नॉर्मन मॅकवर्थ या मानसशास्त्रज्ञाने त्यासाठी एक घड्याळ केलं. त्याचा काटा ठराविक टप्प्यांनी पुढे सरकायचा आणि क्वचित कधीतरी दुप्पट उडी मारायचा. ती उडी दिसली की बटण दाबायचं, एवढंच काम, सलग दोन तास. १९४८ मध्ये त्याने मांडलेले निष्कर्ष असे की पहिल्या अर्ध्या तासानंतरच चुकणाऱ्या उड्या लक्षणीय वाढतात. माणूस आळशी नसतो. क्वचित येणाऱ्या खुणेसाठी सतत टक लावून बसणं मेंदूला झेपत नाही. एक मिनिटाचा चार्ट घेऊन सव्वासहा तास बसणाऱ्याचं काम याहून वेगळं नाही. फरक एवढाच की त्याचं बटण दाबलं की पैसे लागतात.

‘निर्णय घेऊन घेऊन इच्छाशक्ती आटते’ ही कल्पना इथे मी मुद्दाम वापरत नाही. ती लोकप्रिय आहे, पण २०१६ मध्ये अनेक प्रयोगशाळांनी मिळून ती पुन्हा तपासली तेव्हा परिणाम जवळजवळ सापडलाच नाही. लक्ष ढळणं ही मात्र पुनःपुन्हा दिसलेली गोष्ट आहे. तोट्याचंही तसंच. शिकागोच्या वायदेबाजारात स्वतःच्या खात्यावर व्यवहार करणाऱ्या व्यावसायिकांच्या नोंदी जोशुआ कोव्हल आणि टायलर शमवे यांनी तपासल्या. सकाळी तोटा झालेले ट्रेडर दुपारी नेहमीपेक्षा जास्त जोखीम घेताना आढळले. ती माणसं पोट भरण्यासाठी हेच करत होती. नोकरी सांभाळून मोबाइलवर सौदे करणाऱ्याने आपण त्यातून सुटू असं समजू नये.

म्हणून दिवसाच्या सौद्यांना मर्यादा. ती कुठून काढायची? ‘तीन’ हा आकडा सगळीकडे फिरतो, पण तो कुणाच्याच हिशेबातून आलेला नसतो. पहिला रस्ता खर्चाचा आहे. महिन्याला भांडवलाच्या किती टक्के रक्कम खर्चात जाऊ द्यायची, ते आधी ठरवा. ५० हजारांवर ३ टक्के म्हणजे १,५०० रुपये. फेरीला शंभर, म्हणजे महिन्याला पंधरा फेऱ्या. दिवसाला एकही भरत नाही! हा आकडा बहुतेकांना हास्यास्पद वाटतो, आणि तो तसा वाटतो यातूनच आजवर किती खर्च होत होता ते कळतं. सौद्याचा आकार तोच ठेवून भांडवल वाढवलं की मर्यादा सैल होते.

दुसरा रस्ता स्वतःच्या नोंदींचा. ब्रोकरकडून तीन महिन्यांचे सौदे एक्सेलमध्ये घ्या आणि प्रत्येकाला त्या दिवसातला क्रमांक द्या: पहिला, दुसरा, तिसरा. खर्च वजा करून प्रत्येक क्रमांकाची सरासरी काढा. समजा पहिल्या सौद्याची सरासरी ४० रुपये नफा, दुसऱ्याची १०, तिसऱ्याची ६० रुपये तोटा आणि चौथ्यापासून पुढे १३० तोटा आली, तर मर्यादा दोनवर पडते. यात एक फसवी जागा आहे. चौथा सौदा रोज होत नाही. तो मुख्यतः सकाळ बिघडलेल्या दिवशी होतो. त्यामुळे चार किंवा जास्त सौदे झालेले दिवस वेगळे काढून त्यांतले पहिले दोन कसे गेले तेही बघावं. तेही तोट्यातच असतील तर दोष निव्वळ क्रमांकाचा नाही, त्या दिवसाच्या बाजारात तुमची पद्धत चालत नव्हती. अशा वेळी संख्येपेक्षा रुपयांतली मर्यादा, म्हणजे ‘इतका तोटा झाला की बंद’, जास्त कामाची. आणि पहिल्या सौद्याचीच सरासरी उणे असेल तर मर्यादेने फक्त गळती मंदावेल, नफा निर्माण होणार नाही.

मोजायचं काय, हे सव्वानऊच्या आधी पक्कं असावं. नवी एंट्री म्हणजे एक सौदा. अर्धे नग आधी आणि अर्धे नंतर विकले तर तो एकच सौदा, फक्त जास्तीच्या ऑर्डरचं ब्रोकरेज लागतं. पडत्या भावात आणखी घेऊन सरासरी खाली आणणं मात्र नवी एंट्रीच. पळवाट इथेच शोधली जाते. काही ब्रोकरांकडे ‘किल स्विच’ असतो. तो दाबला की बाजाराचा निवडलेला विभाग आपल्या खात्यासाठी काही तास बंद होतो आणि लगेच उघडता येत नाही. मर्यादा गाठल्यावर तो दाबायचा, कारण त्या वेळी स्वतःच्या निर्धारावर विसंबणं म्हणजे शिकागोच्या त्या दुपारच्या ट्रेडरवर विसंबणं.

मर्यादा घातल्यावर दोन विकृती हमखास येतात आणि दोन्ही नोंदीत दिसतात. पहिली, मर्यादेचं लक्ष्य होतं: पावणेतीनला ‘आजचा एक बाकी आहे’ म्हणून कारण नसताना घेतलेला सौदा. शेवटच्या तासातल्या एंट्र्या मोजल्या की ती पकडता येते. दुसरी जास्त महाग. सौदे दोनच करायचे म्हटल्यावर माणूस २०० नगांऐवजी ६०० घेतो. संख्या पाळली जाते आणि जोखीम तिप्पट होते. म्हणून संख्येबरोबर नगांची कमाल मर्यादाही त्याच कागदावर लिहावी लागते, आणि ती महिना संपेपर्यंत बदलायची नसते.