अंगाईचा ओळवार अर्थ सांगणारा शॉर्ट

मोबाइलवर उभा पाहायचा, साधारण मिनिटभराचा व्हिडिओ. यात पारंपरिक अंगाईची एकेक ओळ म्हटली जाते आणि एका साध्या चित्रातून तिचा अर्थ उलगडतो. ‘चांदोबा चांदोबा भागलास का’ हे त्याचं सोयीचं उदाहरण. काटेकोर पाहिलं तर हे बडबडगीत. पण घरोघरी घास भरवताना आणि झोपवताना हेच म्हणतात.

गाण्याच्या आठ ओळी आहेत. ओळ म्हणायला तीन सेकंद आणि अर्थाला तीन सेकंद धरले, तर ४८ सेकंद होतात. शेवटी चित्र हळूहळू अंधारू द्यायला थोडा वेळ उरतो.

पहिल्याच ओळीत बरेच जण घसरतात. ‘भागणे’ म्हणजे थकणे. हिंदीच्या सवयीने पळणारा चंद्र काढला, की गाण्याचा जीवच जातो. इथे जांभई देणारा, डोळे अर्धे मिटलेला चंद्र हवा. दमलेल्या बाळाला जे विचारायचं, तेच बाळाकडून चंद्राला विचारलं जातं. पुढची ओळ ‘निंबोणीच्या झाडामागे लपलास का’. त्यासाठी झाडाची काळी आकृती आणि फांद्यांतून डोकावणारी चंद्राची कड एवढं पुरतं.

‘निंबोणीचं झाड करवंदी, मामाचा वाडा चिरेबंदी’ ही जोडी अवघड. करवंद ही काटेरी जाळी. ती निंबोणीला लागत नाही. ‘करवंदी’ आलं ते मुख्यतः ‘चिरेबंदी’शी यमक जुळायला, म्हणून ओढून-ताणून अर्थ लावू नये. झाडाला करवंदं लटकवण्यापेक्षा शेजारी जाळी दाखवावी. ‘चिरेबंदी’ला मात्र नेमका अर्थ आहे: घडीव दगडांचं, चिऱ्यांचं बांधकाम. विटांची भिंत काढली तर ती चूक ठरते.

‘मामाच्या वाड्यात येऊन जा, तूपरोटी खाऊन जा’ यातलं ‘जा’ हाकलण्याचं नाही. ते ‘एकदा चक्कर टाक’ अशा आपुलकीचं आहे. चंद्रालाच चांदोमामा म्हणतात, त्यामुळे मामा कोण हा गोंधळ होतो. दरवाजात बाळ उभं करून ते चंद्राला बोलावतंय असं दाखवलं, की प्रश्न सुटतो. ताटात एक रोटी आणि तुपाची वाटी पुरे.

‘तुपात पडली माशी, चांदोबा राहिला उपाशी’ हा शेवट काही जण दुःखी वाटतो म्हणून गाळतात. तसं करू नये. मुलं नेमकी इथेच हसतात. माशी ठिपक्याएवढी ठेवावी आणि चंद्राचा चेहरा रडका नव्हे, फजिती झाल्यासारखा काढावा.

पार्श्वभूमी गडद निळी असावी. एका चित्रात एकच गोष्ट हलावी, तीही सावकाश. झटक्याने दृश्य बदललं किंवा पांढरा प्रकाश चमकला, तर पेंगणारं मूल टक्क जागं होतं. ओळीची अक्षरं पडद्याच्या मध्याजवळ ठेवावीत, कारण खाली आणि उजवीकडे ॲपची बटणं येतात आणि जोडाक्षरं त्यांखाली झाकली जातात.