एक्सायटेशन टेबल : स्टेट डायग्रामपासून फ्लिप-फ्लॉपच्या इनपुट समीकरणांपर्यंत

फ्लिप-फ्लॉपची आताची अवस्था आणि पुढच्या क्लॉकनंतर हवी असलेली अवस्था माहीत असताना त्याच्या इनपुटवर काय द्यावे लागेल, हे सांगणारी सारणी. ट्रुथ टेबल इनपुटवरून पुढची अवस्था सांगते. एक्सायटेशन टेबल तीच माहिती उलट दिशेने वाचते. क्लॉकवर चालणाऱ्या अनुक्रमी मंडलांच्या आराखड्यात तिचा उपयोग होतो.

एकल्स आणि जॉर्डन यांच्या १९१८ च्या पेटंटमधील मंडल फ्लिप-फ्लॉपचे मूळ मानले जाते. अवस्थांवरून मंडल रचण्याची शिस्तबद्ध पद्धत मात्र बरीच नंतरची असून हफमन (१९५४), मीली (१९५५) आणि मूर (१९५६) यांच्या लेखनातून ती आकाराला आली. फ्लिप-फ्लॉपच्या जेके या प्रकाराच्या नावाबद्दल एकमत नाही. ही अक्षरे जॅक किल्बी यांची आद्याक्षरे असल्याचे अनेक ठिकाणी सांगितले जाते. ह्यूज एअरक्राफ्टमधील एल्ड्रेड नेल्सन यांनी फ्लिप-फ्लॉपच्या इनपुटांना अक्षरांच्या जोड्या ओळीने देताना जे आणि के ही जोडी या प्रकाराच्या वाट्याला आली, असे दुसरे मत आहे. ते अधिक ग्राह्य वाटते.

सारणीत आताच्या Q वरून पुढच्या Q+ वर जाणारी चारच संक्रमणे असतात (`-` म्हणजे डोंट केअर, 0 किंवा 1 काहीही चालेल) :

```
Q Q+ | S R | J K | D | T
0 0  | 0 - | 0 - | 0 | 0
0 1  | 1 0 | 1 - | 1 | 1
1 0  | 0 1 | - 1 | 0 | 1
1 1  | - 0 | - 0 | 1 | 0
```

जेकेच्या स्तंभात प्रत्येक ओळीत एक डोंट केअर आहे. 0 वरून 1 वर जायचे तर सेट करूनही जाता येते (J=1, K=0) आणि टॉगल करूनही (J=1, K=1), म्हणून तेथे K ची किंमत मोकळी राहते. एसआर प्रकारात दोन्ही इनपुट 1 देण्यास मनाई असल्याने ही सूट कमी मिळते. Q=1 असताना J नेहमीच मोकळा असतो. त्यामुळे J च्या समीकरणात त्याच फ्लिप-फ्लॉपचा Q आणण्याची कधीच गरज पडत नाही, आणि K चेही तसेच आहे. समीकरणात तो Q उरलाच, तर सुलभीकरण अपुरे राहिले आहे किंवा सारणी भरताना ओळ चुकली आहे.

उदाहरणार्थ, X या इनपुटवर एकेक बिट येत असताना 101 हा क्रम ओळखणारे, एकावर एक चढलेले क्रमही मोजणारे मीली मंडल घेऊ. त्याला तीन अवस्था पुरतात : अ (उपयोगी काही आलेले नाही), ब (शेवटी 1 आला) आणि क (शेवटी 10 आले). Q1Q0 मध्ये त्यांना अनुक्रमे 00, 01 आणि 10 हे संकेत दिले. 11 वापरात नाही. X=1 आला की कोणत्याही अवस्थेतून ब मध्ये जायचे; त्या वेळी क मध्ये असल्यास Z या आउटपुटवर 1 द्यायचा. X=0 आला तर ब वरून क मध्ये आणि अ किंवा क वरून अ मध्ये जायचे.

आता स्टेट डायग्राममधील प्रत्येक बाणासाठी दोन्ही फ्लिप-फ्लॉपचे संक्रमण वेगवेगळे पाहावे. ब वर X=0 आला की 01 चे 10 होते. Q1 हा 0 वरून 1 वर जातो, म्हणून J1=1, K1=-. Q0 हा 1 वरून 0 वर येतो, म्हणून J0=-, K0=1. असे सहाही बाण भरून, 11 च्या दोन्ही ओळी मोकळ्या सोडून कार्नो नकाशे मांडले की पुढील समीकरणे मिळतात :

```
J1 = Q0·X'    K1 = 1
J0 = X        K0 = X'
Z  = Q1·X
```

वीज सुरू होताना किंवा विद्युत गोंगाटामुळे मंडल 11 मध्ये जाऊ शकते, म्हणून मोकळ्या सोडलेल्या ओळींना समीकरणांनी कोणत्या किमती दिल्या हे परत पाहावे लागते. येथे X=0 असताना J1=K1=1 होऊन Q1 टॉगल होतो आणि मंडल 00 वर येते; X=1 असताना ते 01 वर येते. म्हणजे ते एका क्लॉकमध्ये सावरते. पण 11 मध्ये X=1 असेल तर Z खोटा 1 देतो; तो टाळण्यासाठी `Z = Q1·Q0'·X` घ्यावे.

डी प्रकारात D ची किंमत पुढच्या अवस्थेइतकीच असल्याने उलट वाचनाची पायरी उरत नाही. डोंट केअर घेऊन `D1 = Q0·X'`, `D0 = X` मिळतात. मात्र या समीकरणांनी 11 वर X=0 आला की मंडल 10 वर, म्हणजे क मध्ये जाते. तेथे लगेच 1 आला तर 101 पूर्ण न येताही Z=1 होतो आणि Z च्या वरील दुरुस्तीने हा दोष जात नाही. `D1 = Q1'·Q0·X'` घेतल्यास 11 वरून 00 वर येता येते. त्यासाठी अँड गेटला एक इनपुट जास्त लागतो.